पंधरा सीटा, बारा माणसं : सांगलीहून निघणाऱ्या हंपी सहलीचा माणशी दर

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या एक बाई गेली काही वर्षं छोट्या गटांच्या अभ्यास-सहली काढतात. त्यांचा हिशेब माझ्याकडे असतो. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे, नाव मात्र देत नाही. इथे त्यांना ताईच म्हणतो. त्यांची सर्वांत मागणी असलेली सहल बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि हंपीची. चार दिवस, तीन रात्री. पहिली रात्र बदामीत, पुढच्या दोन होस्पेटला. बरोबर मराठीत समजावून सांगणारा एक जाणकार मार्गदर्शक. गाडी सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर. आकडे एका हंगामातले आणि त्यांच्या ओळखीच्या गाडीवाल्याचे, हॉटेलांचे आहेत. तुमच्याकडे ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

त्या हंगामातली एक सहल गाजली, लोक खूश होऊन परत आले आणि ताईंच्या खात्यातून वीस हजार रुपये गेले. बारा जण आले होते. दर ८,५०० रुपये होता आणि तो घासाघीस करून नव्हे, कागदावर मांडूनच काढला होता.

कागद असा होता. गाडीचे ३२,५०० आणि मार्गदर्शकाचे मानधन १२,००० मिळून ४४,५०० रुपये. गाडीत सतरा सीटा, म्हणून भागिले सतरा : माणशी सुमारे २,६२०. त्यात राहणं, जेवण, तिकिटं यांचे माणशी ५,१०० मिळवले की ७,७२० होतात. वर थोडे सुटायला हवेत, म्हणून ८,५००. वरवर पाहता यात चूक दिसत नाही, आणि मी पाहिलेल्या बहुतेक छोट्या आयोजकांचा कागद असाच असतो. पण यात दोन गोष्टी चुकल्या आहेत. एक, भागाकार ज्या आकड्याने केला तो. दुसरी, ज्या रकमेला भागलं ती.

आधी रक्कम पाहू. गाडीचे पैसे माणसांवर अवलंबून नसतात, हे ताईंना ठाऊक होतं. चार माणसं बसली काय आणि चौदा बसली काय, गाडीवाला तेवढेच घेणार. असा खर्च मी ठोक खर्च म्हणतो, आणि प्रत्येक माणसामागे नव्याने वाढणारा तो माणशी खर्च. ताईंच्या कागदावर ठोक खर्चाच्या दोनच ओळी होत्या. प्रत्यक्षात त्या कितीतरी जास्त निघाल्या. मार्गदर्शक सहलीबरोबर राहतो, जेवतो. ताई स्वतःही बरोबर असतात. दोघांना स्वतंत्र खोल्या लागतात. खोलीचा दर रात्रीला १,६००, म्हणजे तीन रात्रींच्या दोन खोल्यांचे ९,६००. दोघांचं चार दिवसांचं जेवण ४,८००, दोघांची तिकिटं ३००. जाहिरातीचा फलक, फोन, औषधांची पेटी यांचे १,८००. हे सगळे ठोक खर्च, कारण बारावा माणूस आला म्हणून यातलं काही वाढत नाही आणि तो गळाला म्हणून काही वाचत नाही. रोख खर्च अशा रीतीने ६१,००० वर जातो.

त्यावर आणखी एक ओळ हवी, आणि तिच्यावरून आमचा बराच वेळ वाद झाला : ताईंचा स्वतःचा मेहनताना. चार दिवस सहलीत, शिवाय आधीचे फोन, खोल्यांची बोलणी, लोकांच्या शंका. ताई म्हणाल्या, "शेवटी जे उरतं तेच माझं की." मी म्हणालो, "ताई, उरलं नाही तर? तुमच्या जागी दुसरं कुणी पाठवलं असतं तर त्याला पैसे दिले असते ना?" शेवटी ६,००० रुपये धरले. आता ठोक खर्च ६७,०००. ताईंनी ज्या ४४,५०० ला भागलं होतं, त्याच्या दीडपट.

आता भागणारा आकडा. सतरा सीटा विकायच्या नव्हत्याच. एकीवर मार्गदर्शक बसतो, एकीवर ताई. विकायला उरतात पंधरा. आणि पंधराच्या पंधरा भरतीलच असं मागच्या नोंदवहीत कुठे दिसत नव्हतं. नावनोंदणी दहा ते चौदाच्या दरम्यान फिरत होती, बहुतेक वेळा बाराच्या आसपास थांबत होती.

पंधरा माणसांचा दर लावून बारा माणसं नेली, तर न आलेल्या तिघांच्या वाटणीची गाडी आयोजक स्वतःच्या खिशातून भरतो. बारा जणांचे ८,५०० प्रमाणे १,०२,००० जमले. माणशी खर्च ६१,२०० वजा गेला. उरलेल्या ४०,८०० मधून ६१,००० चा रोख ठोक खर्च भागायचा होता. तुटले २०,२००. ताईंची मेहनत वेगळी.

म्हणून पहिला प्रश्न "माणशी किती पडतात" हा नसतो. किती माणसांवर सहल निघणार आहे, हे आधी ठरवावं लागतं. त्यानुसार दर किती वेगाने हलतो ते ताईंना दाखवायला मी हा तक्ता मांडला. दर म्हणजे ठोक खर्चाचा वाटा अधिक ५,१००, नफा काहीच न धरता.

| माणसं | ठोक खर्चाचा वाटा | माणशी दर |
|---|---|---|
| ८ | ८,३७५ | १३,४७५ |
| १० | ६,७०० | ११,८०० |
| १२ | ५,५८३ | १०,६८३ |
| १५ | ४,४६७ | ९,५६७ |

आठावरून दहावर गेलं की दर पावणेसतराशेने उतरतो, बारावरून पंधरावर जाताना तीन माणसं वाढूनही अकराशेच उतरतात. खालच्या बाजूला, माणसं कमी असताना, प्रत्येक माणूस फार मोलाचा असतो. ताईंनी तक्ता पाहिला आणि लगेच दहाचा दर लावू म्हणाल्या. एकदा पोळल्यावर तसं वाटणारच. पण ११,८०० म्हटलं तर निम्मे लोक पुण्याच्या मोठ्या कंपन्यांचे दर काढून बसतात, आणि मग खरोखरच दहासुद्धा होत नाहीत. सुरक्षित वाटणारा दरच गट लहान करून टाकतो. बारा हा आकडा त्यांच्या नोंदवहीतून आला होता, म्हणून तोच धरला. दर ठेवला १०,९००.

इथून पुढे ताईंनी एकच आकडा लक्षात ठेवायचा होता : १०,९०० मधून ५,१०० वजा जाता राहणारे ५,८००. मी याला माणशी शिल्लक म्हणतो. एक माणूस वाढला की ठोक खर्चाच्या ओझ्यातून ५,८०० उतरतात, आणि ते पूर्ण उतरल्यावर तेवढेच हातात पडतात. ६७,००० ला ५,८०० ने भागलं तर साडेअकरा, म्हणजे बारा माणसांवर मेहनतान्यासह सगळं भागतं. पंधरा झाले तर वर २०,००० राहतात. गाडी, सूट, लहान मुलं, रद्द होणारी नावं, सगळे पुढचे निर्णय या आकड्यावरून सुटत गेले.

गाडीचंच घ्या. ताईंचा पहिला विचार होता लहान गाडी करायचा. तेरा सीटर किलोमीटरला तीन रुपयांनी स्वस्त होती. १,२०० किलोमीटरवर वाचतात ३,६००. पण ताई आणि मार्गदर्शक वजा केले की विकायला अकराच सीटा राहतात, आणि बारावा माणूस दारात आला की त्याचे ५,८०० हातचे जातात. एका माणसाची शिल्लक गाडीतल्या फरकापेक्षा मोठी असेल तर लहान गाडी परवडत नाही. याच कारणाने उलट दिशेने विचार करता येतो. वीस सीटर गाडी २,४०० ने महाग होती आणि तिच्यात विकायच्या सीटा अठरा. सोळावा माणूस येण्याची खरी शक्यता असेल, तर तो एकटाच तिचा जादा खर्च भरून वर ३,४०० देतो.

सोळाव्या माणसाचा प्रश्न मात्र फसवा आहे. पंधरा नावं भरली की आयोजकाला हुरूप येतो आणि "अजून तीनचार जण विचारतायत, एक छोटी गाडी मागे लावू" असं ठरतं. सहा जणांची छोटी गाडी १३ रुपये किलोमीटरने १५,६०० आणि चालकाचा भत्ता २,०००, म्हणजे १७,६०० चा नवा ठोक खर्च. तो भागायला चार माणसं लागतात, तिघांनीही थोडा उरतोच. सोळाव्या माणसासाठी दुसरी गाडी लावली तर एका भरलेल्या सहलीतून जवळजवळ १२,००० कमी होतात. शिवाय मार्गदर्शक एकाच गाडीत बसतो आणि मागच्या गाडीतली माणसं रस्ताभर नाराज. म्हणून पंधरावर थांबायचं, किंवा वीस सीटरमध्ये बदलायचं, किंवा एकोणीस पक्के झाले तरच दुसरी गाडी. ताईंनी गाडीवाल्याशी बोलून ठेवलं की निघायच्या आठ दिवस आधीपर्यंत सतरावरून वीसवर बदल करून मिळेल. या एका बोलण्याला काही खर्च नाही.

ठोक खर्च माणसांनी बदलत नाही, पण तो मुळीच बदलत नाही असं समजू नये. गाडीचं बिल पाहताना हे स्पष्ट झालं. सांगली ते बदामी सव्वादोनशेच्या आसपास, पुढे होस्पेट, हंपीत फिरणं आणि परत, असं सगळं धरून प्रत्यक्ष धाव सव्वाआठशेच्या घरात जाते. बिल मात्र १,२०० किलोमीटरचं, कारण बाहेरगावच्या गाडीला रोजची किमान ३०० किलोमीटरची आकारणी असते आणि गाडी चार दिवस तुमच्याकडे असते. किलोमीटर मोजले जातात गाडीच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत, आणि बहुतेक गाडीवाले दिवस मोजतात रात्री बारापासून. एका सहलीला लोकांनी "रात्री अकराला निघू, सकाळी बदामीत पोचू" असा आग्रह धरला होता. अकराला निघालं की त्या एका तासाचा एक पूर्ण दिवस लागतो : ३०० किलोमीटरचे २४ रुपयांनी ७,२०० आणि भत्त्याचे ५००. बारा माणसांत वाटले तर माणशी साडेसहाशे. पहाटे पाचला निघालं की ते वाचतात. गाडीवाल्याकडे ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे ना, हेही आधीच विचारून घ्यावं. नसेल तर कर्नाटकात शिरताना वेगळा कर भरावा लागतो आणि तो कोणी भरायचा यावरून सीमेवर वाद होतो.

मार्गदर्शकाचे १२,००० ठोक न ठेवता माणशी १,००० द्यावेत, म्हणजे माणसं कमी आली तर तोही खर्च कमी होईल, असा विचार ताईंनी करून पाहिला. मार्गदर्शकांनी नम्रपणे नाही म्हटलं. ते चार दिवस आपलं दुसरं काम बाजूला ठेवतात. आठ माणसं आली म्हणून त्यांचे दिवस कमी होत नाहीत. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. सहल काढण्याची जोखीम आयोजकाने घ्यायची असते, आणि तिची किंमत दरात असावी लागते. जाणकार माणसाच्या मानधनातून ती वसूल करू नये.

दर लावल्यावर पहिलं आव्हान आलं ते सहा जणांच्या गटाकडून. मिरजेचे दोन कुटुंबांचे सहा जण, माणशी १०,००० मागत होते. शिल्लक ४,९०० राहत होती, म्हणजे तोटा नव्हता. रिकाम्या सीटवर ५,१०० च्या वर मिळालेला प्रत्येक रुपया फायद्याचाच. हा युक्तिवाद बरोबर आहे, पण तो फक्त शेवटच्या सीटला लागू होतो. पहिल्या सहा सीटा त्या दराने गेल्या तर ठोक खर्च उचलायला कुणी उरत नाही. आणि गाडीत पहिल्याच संध्याकाळी "तुम्ही किती भरलेत?" ही चौकशी होतेच. ज्याने १०,९०० भरले तो पुढच्या सहलीला येत नाही, आणि सांगलीसारख्या गावात बाकीच्यांनाही सांगतो.

म्हणून ताईंनी माणूस पाहून सूट देणं बंद केलं आणि सूट वेळेला बांधली. निघायच्या महिनाभर आधी पूर्ण पैसे भरणाऱ्या पहिल्या सहांना १०,४००, नंतर सर्वांना १०,९००. पत्रकावर उघड छापलेलं, त्यामुळे कुणाला काही लपवायला नको. लवकर पैसे भरणारा माणूस आयोजकाला खरंच काहीतरी देतो : सहल निघणार ही खात्री. त्याची किंमत ५०० रुपये ठीक आहे. सहा सवलतीचे आणि सहा पूर्ण दराचे धरले तर एकूण शिल्लक ६६,६०० येते, ठोक खर्चाला चारशे कमी. ताईंनी ते मान्य केलं. मिरजेच्या सहांनीही १०,४०० भरले.

लहान मुलाला अर्धं तिकीट हा एसटीमुळे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला नियम इथे महागात पडतो. मूल सीट अडवतं. त्याच्यामुळे वाचतो तो फक्त वेगळा पलंग आणि थोडं जेवण. आईवडिलांच्या खोलीत झोपणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाचा माणशी खर्च १,८०० च्या आसपास येतो. त्यात ५,८०० मिळवले की ७,६०० होतात. अर्धा दर म्हणजे ५,४५०, म्हणजे त्या सीटवर २,१५० चा खड्डा. गट अर्धवट भरला असेल तर तोही चालेल, पण पंधरावी सीट अर्ध्या दरात देऊ नये.

एकट्याने येणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. माणशी खर्चात खोलीचा अर्धाच वाटा धरलेला असतो, तीन रात्रींचे २,४००. स्वतंत्र खोली हवी असेल तर तेवढेच जास्त घ्यावेत, आणि ते पत्रकातच लिहावं. एकटी बाई ताईंच्या खोलीत राहायला तयार असेल तर उलट २,४०० वाचतात, कारण ताईंची खोली ठोक खर्चात आधीच भरलेली आहे.

रद्द करण्याचा नियमही याच दोन खर्चांवरून निघतो. आधी ताई "आठ दिवस आधी सांगितलं तर निम्मे परत" असं म्हणत, कारण सगळे तसं म्हणतात. पण गळालेला माणूस फक्त माणशी खर्च वाचवतो, तोही हॉटेलने मान्य केला तरच. त्याच्या वाटणीची गाडी आणि मार्गदर्शक कुणीतरी भरायलाच हवेत. म्हणून नवा नियम असा केला : गाडीचा ॲडव्हान्स देण्याआधी रद्द केलं तर फक्त दोनशे कापून बाकी परत. त्यानंतर जास्तीत जास्त जेवण-राहण्याचे जेवढे खरोखर वाचतील तेवढेच परत. आपल्या जागी दुसरा माणूस दिला तर एक रुपयाही कापायचा नाही. हा शेवटचा भाग लोकांना फार पटतो, आणि सीट भरण्याचं काम तेच करून देतात.

ॲडव्हान्सची तारीख ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची तारीख. त्या तोट्यातल्या सहलीत बारा नावं झाली तेव्हा गाडीचे १०,००० आणि हॉटेलचे ५,००० आधीच गेले होते. जाहिरात धरून रद्द केलं असतं तर १६,८०० बुडले असते, काढली तर २०,२०० तुटत होते. दोन्हीकडे तोटा जवळपास सारखाच, म्हणून काढली. त्या क्षणी तो निर्णय योग्यच होता. ॲडव्हान्स द्यायच्या आदल्या दिवशी मात्र रद्द करायला १,८०० रुपयेच लागले असते. म्हणून आता निघायच्या दहा दिवस आधी नावं मोजली जातात आणि त्यानंतरच पैसे पुढे जातात. अकरा झाले तरी ताई सहल काढतात. सवलतीची सहा नावं धरून तेव्हा शिल्लक ६०,८०० येते, रोख खर्च जवळपास भागतो आणि त्यांचा मेहनताना बुडतो. जुन्या लोकांना नाही म्हणण्यापेक्षा ते त्यांना बरं वाटतं, आणि हे त्यांनी आधी ठरवून केलं आहे. दहावर पैसे परत, किंवा पुढच्या तारखेला जागा. पत्रकावर मात्र किमान संख्या बाराच लिहिली आहे.

जीएसटीकडेही लक्ष ठेवावं लागतं. सेवांसाठी वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते, आणि सहल आयोजकाला इनपुट क्रेडिट न घेता पूर्ण रकमेवर ५ टक्के लागतात. उलाढाल म्हणजे जमा झालेली सगळी रक्कम, हातात उरलेली नव्हे. बारा माणसांच्या एका सहलीचे सव्वा लाखाच्या वर जमा होतात, तेव्हा वर्षात पंधराएक सहली झाल्या की ती रेषा जवळ येते. दर तोच ठेवून कर पोटात घेतला तर १०,९०० मधून सुमारे ५२० जातात, आणि ते सगळे ५,८०० मधूनच जातात.

नव्या पद्धतीने निघालेल्या पुढच्या सहलीला तेरा जण होते, सहा सवलतीचे आणि सात पूर्ण दराचे. जमा १,३८,७००. तेरावी व्यक्ती ताईंच्या खोलीत राहिलेल्या एक निवृत्त शिक्षिका, म्हणून माणशी खर्च ६३,९०० वरच थांबला. शिल्लक ७४,८००. एक नाव शेवटच्या आठवड्यात गळालं, त्यांनी भाच्याला पाठवलं. परतीच्या दिवशी वाटेत जेवणाचे १,४०० जास्त गेले. मेहनताना वेगळा काढून ६,४०० राहिले. फार नाहीत, पण तेरा माणसांवर एवढेच राहणार हे निघण्याआधीच कागदावर होतं.

आता डिसेंबरची सहल ठरते आहे. मार्गदर्शकांनी दिवसाला ५०० वाढवून मागितलेत. चार दिवसांचे २,०००, बारा जणांत माणशी पावणेदोनशेही नाहीत. ताईंनी ते लगेच मान्य केलं. खरा भार होस्पेटच्या खोल्यांचा आहे. हंगामात खोलीचा दर रात्रीला ८०० ने वाढतो. दोन रात्रींचे माणशी ८०० माणशी खर्चात, आणि ताई व मार्गदर्शक यांच्या खोल्यांचे ३,२०० ठोक खर्चात. ठोक खर्च ७२,२००, माणशी खर्च ५,९००. १२,००० दर लावला तर शिल्लक ६,१०० आणि बारा माणसांवर भागतं. पत्रकावर तोच आकडा जाईल. नोव्हेंबरच्या शेवटी चौदा नावं झाली असतील तर ताई वीस सीटर मागवणार आहेत.